गळ्यातली माळ काढू की ठेवू?

प्रश्न: मी २९ वर्षांचा आहे. आमचं घर तीन पिढ्यांचं वारकरी, वडील दिंडीत विणेकरी. मला मुलींची ओढ नाही, मुलांची आहे, हे मला नववी-दहावीपासून कळतंय. पुण्यात नोकरी करतो, दोन वर्षांपासून साथीदार आहे. घरी स्थळं बघणं चालू झालंय, आई म्हणते तुळशीचं लग्न झालं की तुझं उरकू. माझ्या गळ्यात माळ आहे आणि रोज वाटतं की मी देवाला फसवतोय. माळ काढून ठेवू का? घरी सांगू का?

उत्तर:

माळ आत्ता काढू नका. पुढे कधी शांतपणे ठरवलंत तर तो तुमचा निर्णय असेल, पण आज जे कारण तुम्ही देताय ते मला पटलेलं नाही. शिवाय यात एक व्यवहाराची अडचण आहे. माळकरी घरात उघडा गळा सगळ्यांत आधी आईच्या नजरेत येतो. सुट्टीला गावी गेलात आणि आंघोळ करून बाहेर आलात की ती विचारणार, "माळ कुठाय?" माळ उतरवली म्हणजे पोरगा मटण खायला लागला नाहीतर प्यायला लागला, एवढाच अर्थ आपल्याकडे लागतो. मग न केलेल्या गोष्टींचा खुलासा करत बसाल आणि जे सांगायचंय ते घशातच राहील.

मी पुण्यात बावीस वर्षं समुपदेशन करते. माझं माहेरही माळकरी आहे, त्यामुळे अशा घरांतली मुलं माझ्याकडे जरा जास्त येतात. त्यांतले बहुतेक जण सुरुवात देवापासूनच करतात. "मी पापी आहे का" हा पहिला प्रश्न. त्यावर मी त्यांना एक साधी गोष्ट करायला सांगते, ती तुम्हीही करून बघा. आठ दिवस रोज रात्री खोलीत एकटेच असताना हरिपाठ म्हणा, आणि म्हणताना मनात काय येतं ते नीट बघा. मग गावी गेल्यावर वडिलांसमोर बसून तोच हरिपाठ म्हणा. एकट्यानं म्हणताना मन लागत असेल, डोळे भरून येत असतील, आणि वडील समोर आले की छाती दडपत असेल, तर तुमचं देवाशी काही बिनसलेलं नाही. तुमचं दडपण वडिलांचं आहे, त्यांच्या गावातल्या मानाचं आहे. एकटे असतानाही अभंग तोंडातून फुटत नसेल, नाव घेतलं की स्वतःची किळस येत असेल, तर मात्र ते दुखणं वेगळं आणि खोल आहे. त्यावर आधी कुणा जाणत्या माणसाबरोबर बसून काम करायला हवं. घरी सांगणं मग थोडं लांबलं तरी चालेल. माझ्याकडे येणाऱ्यांत पहिला प्रकारच फार जास्त आहे.

आता फसवण्याचं बघू. माळ घालताना महाराजांनी तुम्हाला काय सांगितलं होतं ते आठवा. मद्य-मांस वर्ज्य, एकादशी धरायची, रोज हरिपाठ, वर्षातून एकदा तरी पंढरीची वारी, खोटं बोलायचं नाही, परस्त्री मातेसमान. फडाफडाप्रमाणे एखादा नियम कमीजास्त होतो, पण गाभा हाच. यातलं तुम्ही काय मोडलंत? दोन वर्षं एका माणसाशी निष्ठेनं राहताय. खोटं न बोलण्याचा नियम तेवढा खरोखर धोक्यात आहे, आणि तो आजच्या वागण्यानं नाही, येत्या मार्गशीर्षात तुमच्याशी कुणा मुलीचं लग्न लागलं तर मोडणार आहे.

या लग्नाबद्दल मी तुमच्याशी सौम्यपणे बोलू शकत नाही. अशा लग्नांतल्या बायका मी पाहिल्यात. एक जण आली होती, लग्नाला दोन वर्षं झालेली. पर्समधून तिनं तीन निरनिराळ्या क्रीमच्या ट्यूब काढून टेबलावर ठेवल्या. आपण काळ्या आहोत म्हणून नवरा जवळ येत नाही, असं तिनं धरलं होतं. नवऱ्याला सगळं माहीत होतं. तो माणूस वाईट नव्हता, आईच्या शब्दाखातर बोहल्यावर चढला होता. पण ती पोरगी दोन वर्षं स्वतःचं तोंड आरशात बघून रडली, त्याचं काय? तेव्हा पापाचा हिशेब मांडायचाच असेल तर तो इथं मांडा.

वडिलांशी अभंगांवरून वाद घालू नका, हे मी अगदी बजावून सांगते. शिकलेली मुलं इथं हमखास अडकतात. इंटरनेटवरून गोळा करून नेतात: शिखंडी, मोहिनी, अर्धनारीनटेश्वर, आणि आपल्या संतांनी स्त्रीच्या तोंडून लिहिलेल्या विरहिण्या आणि गौळणी. संतांनी पुरुष असून विरहिणी लिहिल्या हे खरंच आहे, आणि आपण विठ्ठलाला सहज विठाई म्हणतो, ज्ञानोबांना माउली म्हणतो, हेही खरं. संप्रदायाला स्त्री-पुरुषपणाची फार कडक चौकट कधी लागली नाही, एवढं त्यावरून म्हणता येतं. पण त्यावरून संत तुमच्यासारखे होते असं म्हणायला गेलात तर ते खोटं ठरेल. आणि तुमचे वडील विणेकरी आहेत. त्यांना शेकडो अभंग पाठ असणार. तुम्ही एक प्रमाण द्याल तर ते इंद्रियनिग्रहाची वीस देतील, आणि तुमचं आयुष्य बाजूला राहून घरात कीर्तनाचा सामना रंगेल.

वाद न घालता एकच आठवण करून देता येते, तीही त्यांनी देवाचं काढलं तरच. पंढरपूरला महाद्वारासमोर नामदेव पायरी आहे आणि तिच्याजवळच चोखोबांची समाधी. दरवर्षी तुमचे वडील तिथं वाकतात. चोखोबा जिवंत असताना त्यांना त्या दारातून आत सोडलं नव्हतं, आणि दलितांना ते देऊळ उघडं व्हावं म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. देवळाचं दार आणि देव यांतला फरक माळकरी माणसाला कुणी शिकवावा लागत नाही. तो त्या पायरीपाशी वाकतो तेव्हा त्याला तो ठाऊकच असतो. हे एकदा म्हणायचं आणि गप्प बसायचं.

आता घरी कधी सांगायचं. तुमच्या आईनं नकळत तुम्हाला वेळ काढून दिलाय. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मास, त्यात लग्नं लागत नाहीत. स्थळांची चर्चा चालते, पण सुपारी फुटत नाही, हॉल ठरत नाही, कुणाला शब्द दिला जात नाही. हे चार महिने हातचे घालवू नका. वारीच्या आधी मात्र चुकूनही सांगू नका. ज्येष्ठात वडिलांचं मन वाटेला लागलेलं असतं आणि पुढचे अडीच-तीन आठवडे त्यांच्या गळ्यात वीणा असते. ते ओझं घेऊन त्यांना चालायला लावणं बरं नाही. पौर्णिमेला गोपाळपूरचा काला होऊ द्या, ते घरी परत येऊ द्या, पायांचे फोड बरे होऊ द्या. श्रावणाचा पहिला पंधरवडा मला बरा वाटतो. एकादशीचा दिवस टाळा. उपासाच्या दिवशी कानावर पडलेली गोष्ट आईच्या मनात कायमची त्या उपासाला चिकटून बसते.

सगळ्यांना एकदम सांगू नका. सुरुवातीच्या वर्षांत माझी यात मोठी चूक झाली होती. एका मुलाला मी धीर देऊन देऊन सगळ्या घरासमोर एकदाच बोलायला लावलं. वडील, काका, चुलतभाऊ, सगळे बसलेले. काकासमोर बापाची मान खाली गेली आणि पुढे जे बोललं गेलं ते मुलासाठी नव्हतं, काकाला ऐकवण्यासाठी होतं. त्या मुलाला रात्रीच्या एसटीनं परत यावं लागलं. तेव्हापासून मी सांगते: आधी एकच माणूस, आणि तोही असा की ज्याला भावकीत तोंड दाखवायची फिकीर कमी. बहुतेक घरांत ती लग्न झालेली बहीण असते, कधी मावशी. तिला श्रावणाच्या आधीच सांगा आणि मग निदान महिनाभर जाऊ द्या. तिलाही रडायचं असतं, विचारायचं असतं. ते तिचं पुरं झालं की आईला सांगायच्या वेळी ती तुमच्या बाजूला बसू शकते.

बोलण्याआधी तुमची पदवीची प्रमाणपत्रं, आधार, पॅन, पासपोर्ट पुण्यात आणून ठेवा. तीन महिने निभतील एवढे पैसे स्वतःच्याच खात्यात हवेत. तुमच्या घरी हात उगारला जाईल असं मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही, पण ही तयारी असली की माणूस कमी घाबरून बोलतो, आणि आवाज घाबरलेला नसला की ऐकणाराही जरा सावरून ऐकतो.

शब्दांची अडचण मोठी आहे. "समलिंगी" हा आपल्याकडे पेपरातला शब्द, घरात कुणी उच्चारत नाही. "गे" म्हटलं की आईच्या डोळ्यांसमोर टीव्हीवरचं काहीतरी येतं. बऱ्याच घरांत तर यातून "आपला मुलगा नामर्द आहे" असंच ऐकलं जातं आणि लगेच डॉक्टरचं नाव निघतं. म्हणून शब्दाच्या मागे न लागता वाक्य बोला. माझ्याकडची मुलं साधारण असं बोलतात: "आई, मला मुलींशी संसार करावासा वाटत नाही. माझा जीव मुलांवर जडतो. शाळेत असल्यापासून असंच आहे, कुणी लावलेलं नाही आणि कुणी काढू म्हटलं तरी जाणार नाही. एखाद्या मुलीचं वाटोळं माझ्या हातून होऊ नये म्हणून सांगतोय." शेवटचं वाक्य आईला लवकर कळतं, कारण तीही कुणाची तरी मुलगी म्हणून दुसऱ्या घरात आलेली असते.

यावर "लग्न झालं की होईल सगळं ठीक" हे येणारच. कुलदैवताला जाऊन येऊ, कुणाचा तरी अंगारा, एखादा देवऋषी, हेही निघेल. कुलदैवताला जायला माझी ना नाही. आईबरोबर जा, ओटी भरू द्या, तिचं मन हलकं होतं. पण उतारे, कोंडणं, मारून भूत काढणं असलं काही निघालं तर तिथंच नाही म्हणायचं आणि बहिणीला फोन करायचा. डॉक्टरांचंही तसंच. भारतातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्येच हा आजार नाही असं स्पष्ट केलंय, आणि अशा माणसाला "बदलण्याचे" उपचार करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन आहे असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये सांगितलंय. तरी गोळ्या आणि विजेचे झटके देऊ करणारे आजही भेटतात. वडिलांना पोलिसांची भीती वाटत असेल तर सांगा की ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर दोन सज्ञान माणसांचं असं नातं गुन्हा राहिलेलं नाही. लग्नाची नोंदणी होत नाही, ते २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नाकारलं, हेही त्यांना तसंच्या तसं सांगा.

एका घराचं पूर्ण सांगते, ओळख पटणार नाही एवढा बदल करून. फलटणकडचा मुलगा, वडील पखवाजी. श्रावणात बहिणीला सांगितलं, भाद्रपदात आईला. आई एकादशीची भगर निवडत होती, ती निवडतच राहिली. बराच वेळ गेल्यावर तिनं विचारलं, "मग म्हातारपणी तुझ्याजवळ कोण?" त्यानं साथीदाराचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "तो कुठला?" ती दोन-तीन दिवस नीट जेवली नाही, पण बोलणं तिनं तोडलं नाही. दिवाळीनंतर तिनंच वडिलांच्या कानावर घातलं.

वडील ओरडले नाहीत. त्यांच्या घरात टाळांच्या जोड्या खुंटीला असायच्या, आणि एकादशीच्या भजनाला वडील स्वतः एक जोडी काढून मुलाच्या हातात द्यायचे, तो सहा वर्षांचा असल्यापासून. त्या कार्तिकीला त्यांनी सगळ्यांना टाळ दिले आणि याला दिले नाहीत. मुलगा माझ्याकडे आला तो घर सोडायचं ठरवूनच. मी त्याला विचारलं, "उठ म्हणाले का?" म्हणाला, नाही. "मग पुढच्या एकादशीला जा, खुंटीवरचा टाळ स्वतः काढ आणि मागच्या ओळीत बस." त्यानं तसं केलं. वडिलांनी पाहिलं आणि पखवाजावर थाप दिली. असं अकरा महिने चाललं. महिन्याला एकदा तरी तो पुण्याहून जायचा, मागे बसायचा, पसायदान झालं की टाळ खुंटीला लावून जेवून परत. वडील एक शब्द बोलायचे नाहीत. मध्ये दोनदा तो म्हणाला की आता बास. दुसऱ्यांदा मलाही वाटलं की आपण त्याला फुकट झिजवतोय की काय. मग एका वद्य एकादशीला भजनाच्या मध्येच वडील हात थांबवून म्हणाले, "तुझी चाल धावतीय. पुढं येऊन बस."

त्यांनी सगळं मान्य केलं असं नाही. साथीदार तिसऱ्या वर्षी घरी जेवायला आला, वडिलांनी त्याला गाव विचारलं, पाऊसपाणी विचारलं, बाकी काही नाही. भावकीला आजही "त्याला लग्न करायचं नाही" एवढंच सांगितलेलं आहे. मुलाला त्याचं वाईट वाटतं आणि मी त्याला वाईट वाटून घेऊ नको असं म्हणत नाही. पण गेल्या दोन वाऱ्यांना तो साथीदार वाखरीपर्यंत त्यांच्या दिंडीबरोबर चाललाय, पाण्याचा कॅन घेऊन. वडिलांनी त्याला नको म्हटलं नाही.

हीच वाट सगळ्यांना चालत नाही, म्हणून पुढचं सांगते. तुमच्यासारख्या मुलाला निदान वेळ निवडता येते. ट्रान्सजेंडर मुलीला ती सवड नसते, तिचं कपड्यांत, आवाजात, केसांत दिसतं. दिंडीत पुढे पताका, मग टाळकरी, पखवाज, वीणा, आणि मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. तिनं कुठल्या ओळीत चालायचं? माझ्याकडे आलेली एक जण दोन वर्षं रस्त्याच्या कडेनं, ओळीबाहेरून चालली. तिसऱ्या वर्षी एका म्हाताऱ्या बाईची मान अवघडली तेव्हा तिनं हाक मारून तुळशीची कुंडी हिच्या डोक्यावर दिली आणि मग ती त्या ओळीत राहिली. कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडे अशा मुलांना घरचे यल्लम्माचं झाड लागलंय, म्हणजे देवीनं धरलंय, असं मानून सौंदत्तीच्या देवीला सोडतात. जोगत्याला साडी नेसता येते, देवीचा जग, म्हणजे देवीची मूर्ती बसवलेली टोपली, डोक्यावर घेता येतो, लोक पाया पडतात. श्रद्धेत त्याला जागा मिळते हे खरं, आणि कुणाला त्यात खरोखर देवी भेटली असेल तर मी तिला नावं ठेवणार नाही. पण घर सुटतं, जमिनीतला वाटा बहुधा सुटतो, आणि पोट जोगव्यावर येतं. एखादीला स्वतःला ते हवं असेल तर गोष्ट निराळी. घरच्यांची सोय म्हणून तिला तिकडे ढकलत असतील तर मी त्याला विरोध करते, आणि अशा वेळी घरच्यांना समोर बसवून शिक्षणाचं, वाट्याचं आणि सणाला घरी येण्याचं बोलून घेते.

तुमच्या वडिलांशी बोलायला पुढे दुसरा बाप मिळाला तर फार बरं. मुंबईत अशा मुलांच्या पालकांचा "स्वीकार" नावाचा गट आहे, तिथले आईवडील इतर आईवडिलांशी बोलतात. माझं तासाभराचं बोलणं एकीकडे आणि "माझाही मुलगा असाच आहे" हे एखाद्या पिकल्या केसांच्या माणसाचं वाक्य एकीकडे. पण ते लगेच नको, निदान सहा महिन्यांनी. आणि मधल्या काळात एखाद्या रात्री जीव नकोसा झाला तर १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर मराठीत बोलता येतं, फोन फुकट आहे. त्या रात्री सकाळची वाट बघत बसू नका.

आज मात्र एक काम करा. आईला फोन करून एवढंच सांगा: "स्थळं आत्ता थांबव, कुणाचा फोटो मागवू नको आणि कुणाला शब्द देऊ नको, मी श्रावणात घरी येऊन बोलतो." ती कारण विचारेल. "समोर बसून सांगीन" म्हणा आणि श्रावणातली तारीख तिला देऊन टाका.